वारसाचे घर विकले : नफा अल्पकालीन की दीर्घकालीन?

प्रश्न : मी साताऱ्यात नोकरी करतो. मरहूम अब्बांनी 2012-13 मध्ये सांगलीत 15 लाखांना घर घेतले होते. डिसेंबर 2023 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. अम्मी आधीच गेल्या. वारस मी व बहीण, दोघेच. जून 2024 मध्ये बहिणीचा एक तृतीयांश हिस्सा मी 12 लाखांना खरेदीखत करून घेतला. मुद्रांक शुल्क व नोंदणीला 84 हजार लागले. ऑगस्ट 2025 मध्ये घर 45 लाखांना विकले. घर माझ्या नावावर दोन वर्षेही नव्हते. मग सगळा नफा अल्पकालीन का?

उत्तर : नाही. घर 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन. पण वारशाने किंवा हिब्याने मिळालेल्या घरात आधीच्या मालकाचा काळही मोजतात आणि खरेदीची किंमतही त्याचीच धरतात. तुमच्या घराचे म्हणून दोन भाग करावे लागतील.

दोन तृतीयांश हिस्सा वारशाचा. विक्री 30 लाख, अब्बांची किंमत 10 लाख, नफा 20 लाख. हा दीर्घकालीन. 12.5 टक्क्यांनी कर 2,50,000 रुपये होतो. मात्र 23 जुलै 2024 पूर्वीच्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. निर्देशांक 2012-13 चा 200 व 2025-26 चा 376. त्यामुळे 10 लाखांचे 18.80 लाख होतात, नफा 11.20 लाख राहतो आणि कर 2,24,000 रुपये. हाच कमी. निर्देशांक अब्बांच्या वर्षापासून का? मुलीने 1993 मध्ये घेऊन 2003 मध्ये आईला बक्षीस दिलेल्या फ्लॅटबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तसाच निकाल दिला आहे.

बहिणीचा हिस्सा मात्र तुम्ही विकत घेतला, म्हणून त्याचा काळ जून 2024 पासून, म्हणजे 14 महिने. विक्री 15 लाख, खर्चासह किंमत 12.84 लाख, नफा 2.16 लाख. हा अल्पकालीन, तो पगारात मिळवला जातो. तुमचा स्लॅब 20 टक्क्यांचा असेल तर कर 43,200 रुपये. दोन्ही करांवर 4 टक्के सेस वेगळा.

साताऱ्यात दुसरे घर घेणार असाल तर कलम 54 ची सूट फक्त दीर्घकालीन नफ्याला आहे. विक्रीपासून दोन वर्षांत घर विकत घ्या किंवा तीन वर्षांत बांधा. रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते.

बहिणीने मोबदला न घेता हक्कसोड दिली असती तर तिच्या हिस्स्यालाही अब्बांची तारीख लागली असती. पण त्यासाठी कुणी बहिणीला गळ घालू नये. इथे कर 43 हजारांचा आहे आणि तिचा हक्क 12 लाखांचा.