पंधरा शतांशांचा हिशेब

१४ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकच्या व्हॉल्ट प्रकाराच्या अंतिम फेरीत त्रिपुराची दीपा कर्माकर चौथी आली. तिचे गुण १५.०६६, तर कांस्यपदक मिळविणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरचे १५.२१६. फरक अवघ्या ०.१५० गुणांचा. दीपाने केलेली ‘प्रोदुनोवा’ ही उडी तेव्हाच्या नियमपुस्तकात सर्वांत अवघड मानलेली होती, आणि तरीही पदक हुकले कसे, हा प्रश्न त्या रात्री घरोघरी विचारला गेला. परीक्षकांवर पक्षपाताचा आरोप करणारेही भेटले. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र आरोपापेक्षा हिशेब तपासून पाहणे अधिक पसंत असते. येथे तो तपासता येतो, कारण दोन्ही बाजूंची नोंद उघड आहे.

जिम्नॅस्टिक्समध्ये परीक्षकांचे दोन गट असतात आणि दोघांच्या वह्या वेगळ्या असतात. पहिला गट फक्त काठिण्य मोजतो. खेळाडूने काय केले, एवढेच तो पाहतो. कसे केले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बारवरील किंवा जमिनीवरील रचनेत प्रत्येक कसरतीचे मूल्य ठरलेले असते: सर्वांत सोप्या कसरतीला ०.१, पुढच्या श्रेणीला ०.२, अशी ती चढण आहे. त्यांतील ठरावीक संख्येच्या सर्वांत मोलाच्या कसरतींची बेरीज होते आणि तीत काही अटींच्या पूर्ततेचे गुण मिळविले जातात. व्हॉल्टमध्ये हे काम सोपे आहे, कारण तेथे एकच उडी असते आणि प्रत्येक उडीची किंमत पुस्तकात आधीच छापलेली असते. २०१६ साली प्रोदुनोवाची किंमत ७.० होती.

दुसरा गट फक्त सफाई पाहतो. त्याची वही १० गुणांनी सुरू होते आणि पुढे केवळ वजावट होत जाते. पाय किंचित वाकला तर ०.१, अधिक वाकला तर ०.३, दोष ठळक असेल तर ०.५ आणि पडल्यास पूर्ण १.०. रिओत सफाईचे पाच परीक्षक होते. त्यांच्यातील सर्वाधिक आणि सर्वांत कमी असे दोन आकडे बाजूला काढून उरलेल्या तिघांची सरासरी धरली जात असे. एखाद्या परीक्षकाने हात सैल सोडला किंवा उगाच आखडला, तर त्याचा परिणाम निकालावर होऊ नये, यासाठी ही तजवीज.

आता दीपाचे खाते पाहू. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन वेगवेगळ्या उड्या माराव्या लागतात आणि त्यांची सरासरी धरतात. तिच्या पहिल्या उडीचे काठिण्य ६.० आणि सफाई ८.८६६, एकूण १४.८६६. दुसरी उडी प्रोदुनोवा: काठिण्य ७.०, सफाई ८.२६६, एकूण १५.२६६. हे ‘.२६६’ कोठून आले, असे कोणी विचारील. परीक्षक दशांशाच्या एकाच स्थानापर्यंत गुण देतात. मधल्या तिघांची बेरीज २४.८ झाली की तिला तिनाने भागून हाच आकडा येतो आणि पुढचे अंक सोडून दिले जातात.

प्रोदुनोवात टेबलावर हात टेकून शरीर हवेत झेपावते आणि पुढच्या दिशेने दोन पूर्ण कोलांट्या घेते. उतरताना जमीन नजरेसमोर येत नाही, म्हणून पाय नेमक्या क्षणी उघडणे फार कठीण. दीपा दोन्ही पायांवर उतरली खरी, पण अगदी खोल बसून. अशा उतरण्याला नियमाने जबर वजावट आहे, आणि बूड जमिनीला टेकले तर ते पडणेच समजले जाते. त्याच फेरीत उझबेकिस्तानच्या ४१ वर्षांच्या ओक्साना चुसोवितिनानेही ही उडी घेतली; ती उतरताना पुढे लोळली आणि सातवी आली.

श्टाइनग्रुबरच्या दोन उड्यांचे काठिण्य ६.२ आणि ५.८, म्हणजे सरासरी ६.०. दीपाची काठिण्याची सरासरी ६.५. येथे दीपा अर्ध्या गुणाने पुढे होती. सफाईत मात्र श्टाइनग्रुबरची सरासरी ९.२१६ आणि दीपाची ८.५६६, येथे ती ०.६५ ने मागे पडली. ०.६५ मधून ०.५० वजा केले की ते ०.१५ हातात येतात. पक्षपाताला या हिशेबात जागा शोधावी लागते. मला ती सापडली नाही.

अशा दोन वह्या पूर्वी नव्हत्या. १० हाच कळस होता. १९७६ साली माँट्रियल येथे चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने असमान बारवर ऑलिंपिकमधील पहिले १० गुण मिळविले, तेव्हा फलकावर १.०० असे उमटले, १०.०० दाखविण्याची सोयच त्यात नव्हती. त्या व्यवस्थेत रचनेला तिच्या काठिण्याप्रमाणे आरंभमूल्य मिळे, १० किंवा त्याहून थोडे कमी, आणि त्यातूनच चुका वजा होत. पुढे खेळ इतका वाढला की बहुतेक अव्वल खेळाडू १० किंवा ९.९ वरच आरंभ करू लागले. त्यापलीकडे कितीही अवघड केले तरी जमेची बाजू वाढत नव्हती. वरचा कप्पा भरला होता, एवढेच.

या व्यवस्थेला शेवटचा धक्का २००४ साली अथेन्समध्ये बसला. पुरुषांच्या सर्वांगीण स्पर्धेत अमेरिकेच्या पॉल हॅमला सुवर्ण मिळाले. कोरियाचा यांग ते-यंग ०.०४९ गुणांनी मागे राहून तिसरा आला. नंतर उघड झाले की समांतर बारवरील यांगच्या रचनेचे आरंभमूल्य १०.० असायला हवे होते. परीक्षकांनी ते ९.९ लावले होते. तो ०.१ जमा झाला असता तर यांग ०.०५१ ने पुढे गेला असता. आंतरराष्ट्रीय महासंघाने तीन परीक्षकांना निलंबित केले, पण हरकत वेळेत नोंदविली नसल्याने निकाल बदलला नाही आणि क्रीडा लवादानेही तो कायम ठेवला. गंमत अशी की त्याच चित्रफितीत यांगची एक चूकही दिसत होती, तिची ०.२ वजावट परीक्षकांकडून राहून गेली होती. एक नोंद दुरुस्त करायची तर दुसरीही करावी लागली असती.

२००६ पासून दोन वह्या वेगळ्या झाल्या आणि काठिण्याची कमाल मर्यादा उठविली गेली. तेव्हापासून ‘पूर्ण १०’ हा शब्द केवळ सफाईपुरता उरला. त्याबरोबर नवी अडचणही आली. धोक्याच्या उडीला मोठी किंमत असेल, तर अर्धवट तयारीचा खेळाडूही ती घेऊ पाहतो, पडून १.० गमावला तरी सौदा परवडतो. म्हणून दर ऑलिंपिक चक्रानंतर किंमतींची यादी फिरून तपासली जाते. रिओनंतर सर्वच व्हॉल्टचे मूल्य खाली आणले गेले, आणि प्रोदुनोवा ७.० वरून ६.४ वर आली.

त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. मे २०२४ मध्ये ताश्कंद येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दीपाने व्हॉल्टचे सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी तिच्या उड्यांत प्रोदुनोवा नव्हती आणि तिची सरासरी होती १३.५६६.