कुंडी की खूनी?

यूट्यूबवर स्वतःची वाहिनी उघडणाऱ्या मराठी मंडळींची संख्या अलीकडे आपल्या भागातही वाढू लागली आहे. कोणी दराब्याची कृती दाखविते, कोणी तापीकाठच्या जुन्या वास्तूंची माहिती देते, कोणी घरच्या गणपतीचे चित्रण करते. पहिल्या चार-सहा चित्रफितींनंतर बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : ‘यूट्यूब आमची चित्रफीत लोकांपर्यंत का नेत नाही?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तेथील शिफारस-यंत्रणेचे काम याच्या उलट बाजूने सुरू होते. ती एखादी चित्रफीत हाती घेऊन तिच्यासाठी प्रेक्षक शोधीत बसत नाही. एखाद्या प्रेक्षकाने फोन उघडला की त्याच्यासमोर त्या क्षणी काय ठेवावे, एवढाच हिशेब ती करते. लग्न जमविणाऱ्या मध्यस्थाला वधूकडून बोलावणे आले की तो तिच्या घराला साजेशी स्थळे काढतो. गावातील प्रत्येक उपवर मुलाच्या दारी तो आपण होऊन जात नाही. तसेच काहीसे हे आहे.

हा हिशेब कसा होतो, याची रूपरेषा यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ साली एका शोधनिबंधात प्रसिद्ध केली होती. त्यात दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर लक्षावधी चित्रफितींतून त्या प्रेक्षकाला चालतील अशा काहीशे निवडल्या जातात. दुसऱ्या पायरीवर त्या काहीशेंना बारकाईने तोलून क्रम लावला जातो व वरच्या थोड्याच पडद्यावर येतात. पहिल्या पायरीचा मुख्य आधार म्हणजे पाहण्याचा इतिहास. त्या खात्यावरून पूर्वी काय पाहिले गेले, काय शोधले गेले, आणि तेच पाहणाऱ्या इतर लोकांनी आणखी काय पाहिले, यांवरून ही निवड होते. इतिहासावाचून यंत्रणेचे किती अडते, हे २०२३ च्या ऑगस्टपासून उघडच दिसते. ज्याने आपला इतिहास नोंदविणे बंद ठेवले आहे व ज्याच्या खात्यात पूर्वीची फारशी नोंद नाही, त्याचे मुखपृष्ठ तेव्हापासून जवळजवळ कोरे राहते.

येथे आमच्या घराघरांतील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इतिहास खात्याचा असतो, माणसाचा नव्हे. एकाच फोनवर सकाळी आजी कीर्तन ऐकतात, दुपारी सूनबाई पाककृती पाहतात आणि संध्याकाळी नातू क्रिकेट पाहतो. यंत्रणेच्या लेखी हा सारा मिळून एकच प्रेक्षक. परप्रांतातल्या मराठी घरांत त्यात भाषेची सरमिसळही असते. म्हणून आपली मराठी चित्रफीत ज्याच्या पुढ्यात येते, तो कित्येकदा हिंदीच पाहणारा निघतो. यात कोणाचा दोष नाही, पण नव्या निर्मात्याला पुढील आकडे वाचताना हे माहीत असलेले बरे.

आता एक उदाहरण विस्ताराने घेऊ. समजा, एका गृहस्थांनी आपल्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यावर नऊ मिनिटांची मराठी चित्रफीत केली. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास उभारलेली ही पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने गोळा करून, ठरावीक अंतरावर खोदलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांच्या खालून ते केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणले गेले. लोकांच्या तोंडी तिचे दुसरे नाव आहे ‘खूनी भंडारा’. कुंडीचेच खूनी झाले, असे अनेकजण सांगतात. आता हे दुसरे नाव म्हणजे निर्मात्याला केवढा मोह! तांबड्या अक्षरांत ‘खूनी भंडाऱ्याचे रहस्य’ असा मथळा, मुखचित्रावर अंधारी विहीर, की झाले. दुसरा मार्ग साधा : ‘कुंडी भंडारा : चारशे वर्षांपूर्वीची पाण्याची सोय’ असा मथळा आणि कुंडीतून खाली झिरपणाऱ्या उजेडाचे छायाचित्र.

दोन्ही रूपे प्रत्येकी १००० वेळा लोकांच्या पडद्यावर झळकली असे मानू. पुढील आकडे आम्ही केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. रहस्याच्या मथळ्यावर ८० जणांनी बोट ठेवले. साध्या मथळ्यावर ४० जणांनी. शंभरामागे आठ आणि शंभरामागे चार. हे प्रमाण यूट्यूबच्या स्टुडिओ नावाच्या निर्मात्यांच्या दालनात दिसते, आणि निम्म्या वाहिन्यांचे व चित्रफितींचे प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असते, असे यूट्यूबनेच सांगितले आहे. म्हणजे दोन्ही आकडे चारचौघांसारखेच. येथवर रहस्य जिंकले.

परंतु ते ८० जण आले होते भुताखेताची कथा ऐकण्यास. सुरुवातीलाच भूजलाची पातळी व उताराचे गणित ऐकून ते निघून गेले. सरासरीने प्रत्येकी एक मिनिट. एकूण ८० मिनिटे झाली. साध्या मथळ्याचे ४० जण पाण्याची हकीकत ऐकण्यासच आले होते. ते सरासरी साडेचार मिनिटे थांबले. एकूण १८० मिनिटे. निम्म्या लोकांनी दुपटीहून अधिक वेळ दिला. पडद्यावर एकदा झळकल्यामागे किती वेळ पाहिले जाईल, हेच क्रम लावताना तोलले जात असल्याचे त्या २०१६ च्या निबंधात सांगितले होते. त्या तराजूत साधा मथळा जड ठरतो.

हा तराजू पहिल्यापासून असा नव्हता. आरंभी तेथे किती जणांनी चित्रफीत उघडली यालाच महत्त्व होते, आणि त्यामुळे भडक चित्रांचा व खोट्या मथळ्यांचा सुळसुळाट झाला. २०१२ साली पाहण्याच्या वेळेला महत्त्व देण्यात आले, तेव्हा एकूण पाहण्यांची संख्या एकदम २० टक्क्यांनी घसरली, असे त्या खात्याचे प्रमुख क्रिस्टोस गुड्रो यांनी २०२१ साली लिहिले आहे. एखाद्या व्यापारी कंपनीने हा तोटा पत्करला याचे आम्हांस थोडे कौतुक वाटते. अर्थात पुढच्या नफ्याचा हिशेब त्यांनी केलाच असणार.

तरीही वेळेच्या मापात एक खोट राहतेच. आपल्या रहस्यप्रेमी प्रेक्षकांतील एखादा चिवट निघाला असे समजा. ‘आता भूत येईल, मग येईल’ अशा आशेने तो नऊही मिनिटे बसला आणि शेवटी चरफडत उठला. वेळेच्या खात्यात त्याची नऊ मिनिटे भरली. त्याच्या मनात मात्र आपण फसलो ही भावना राहिली. हा फरक घड्याळाला कळत नाही. म्हणून यूट्यूब काही प्रेक्षकांना थेट विचारते : तुम्ही पाहिलेली चित्रफीत कशी वाटली, एक ते पाच तारे द्या. कमी तारे दिले तर का, आणि अधिक दिले तर का, असा पुढचा प्रश्नही येतो. ज्या पाहण्याला चार किंवा पाच तारे मिळाले, तेवढाच वेळ सार्थकी लागलेला वेळ म्हणून धरला जातो. चिवट गृहस्थांनी दोन तारे दिले, तर त्यांची नऊ मिनिटे या हिशेबात शून्य.

आता वाचक म्हणतील, आम्हांला तर असे कोणी कधी विचारले नाही. बरोबर आहे, फार थोड्यांना विचारले जाते आणि त्यांतलेही सगळे उत्तर देत नाहीत. म्हणून मिळालेल्या उत्तरांवरून यंत्राला शिकविले जाते की, अशा प्रेक्षकाने अशी चित्रफीत पाहिली तर तो किती तारे देईल याचा अंदाज बांध. काही उत्तरे मुद्दाम बाजूला ठेवून अंदाज खरा ठरतो की नाही, हेही तपासले जाते. अंदाजाला जोड मिळते ती प्रेक्षकाच्या इतर कृतींची : पसंतीची खूण, नापसंतीची खूण, दुसऱ्यास पाठविणे, किंवा ‘Not interested’ हे बटण दाबणे. नापसंतीचा आकडा २०२१ च्या नोव्हेंबरपासून इतरांना दिसेनासा झाला असला, तरी निर्मात्याला तो स्टुडिओत दिसतो व यंत्रणाही तो विचारात घेते. येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. तारे शेवटी बहुतेक वेळा अंदाजाचेच असतात, आणि ज्या चित्रफिती मोजक्याच लोकांनी पाहिल्या आहेत त्यांच्याबाबत अंदाजाला धरून चालण्यासारखे फारसे काही नसते. आपल्या बोटांवर मोजण्याजोग्या मराठी प्रेक्षकांच्या विषयांना याचा चटका अधिक बसतो.

मग आपली चित्रफीत खूनी मार्गाने चालली आहे की कुंडीच्या, हे ओळखावे कसे? स्टुडिओत प्रेक्षक टिकण्याचा एक आलेख मिळतो. त्याची पहिली ३० सेकंदे पाहावीत. बोट ठेवणारे पुष्कळ, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली येत असेल, तर मथळ्याने एक सांगितले व आरंभाने दुसरेच दाखविले, असे बहुधा समजावे. मराठी निवेदनाला हिंदी मथळा दिला असेल तरीही रेषा अशीच पडते. आपल्या प्रदेशात हा प्रकार फार घडतो. रेषा हळूहळू उतरत मधेच एका जागी खचली असेल, तर मथळा ठीक आहे आणि खोट त्या जागेत आहे. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत ती बहुधा आपल्या वाहिनीची सदस्यता घेण्याची लांबलचक विनंती निघेल!

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात दुवा पाठविणाऱ्यांनाही दोन शब्द. मावशी-काका कौतुकाने उघडतात, वीस सेकंदांत ‘छान!’ लिहून बंद करतात. ही भेट बाहेरून आलेली असल्याने ती मथळ्यावरील टक्केवारीत मोजली जात नाही, आणि एवढ्यावरून वाहिनीला शिक्षाही होत नाही. मात्र आलेखाची रेषा त्या भेटींनी खाली ओढली जाते व निर्माता उगाच हवालदिल होतो. स्टुडिओत प्रेक्षक कोठून आले याची फोड मिळते. बाहेरून आलेले वेगळे काढून, मुखपृष्ठावरून व इतर चित्रफितींच्या शेजारून आलेल्यांचेच टिकणे पाहावे. टक्केवारीचेही तारतम्य ठेवावे. चित्रफीत जवळच्या रसिकांपलीकडे अधिक लोकांना दाखविली जाऊ लागली की टक्केवारी सहसा उतरते. ते अपयशाचे लक्षण नव्हे.

मुखचित्राविषयी तर आता तर्क करीत बसण्याचीही गरज नाही. २०२४ पासून स्टुडिओत एकाच चित्रफितीला तीनपर्यंत मुखचित्रे देऊन तपासता येतात. यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखविते आणि निवाडा बोटे किती पडली यावर न देता, कोणत्या चित्रामुळे पाहण्याचा वेळ अधिक मिळाला यावर देते. आमच्या गृहस्थांनी अंधारी विहीर आणि उजेडाची कुंडी ही दोन्ही चित्रे एकदम लावावीत. कसोटीला दोन आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो, आणि प्रेक्षक फारच थोडे असतील तर निकाल लागत नाही. तसे झाले तर दोहोंतील जे चित्र चित्रफितीत खरोखर पहिल्या मिनिटात दिसते, ते ठेवावे.