ॲडव्हान्स टॅक्स चुकला, रिटर्नही उशिरा? ४५ हजारांच्या थकबाकीचे ५६ हजार कसे होतात

आर्थिक वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र भरण्याची मूळ मुदत १६ सप्टेंबर २०२५ रोजी संपली. ज्यांचे रिटर्न राहून गेले, त्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत विलंब शुल्कासह ते भरता येत होते. मात्र फॉर्म भरताना पोर्टलवर शुल्काखेरीज व्याजाचे तीन वेगवेगळे आकडे दिसतात आणि अनेकांचा गोंधळ उडतो. हे आकडे येतात कुठून?

थकबाकी का उरते?

पुण्यातील एका नोकरदाराचे उदाहरण घेऊ. पगारावरचा टीडीएस कंपनीने कापला. मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेने १० टक्के कापले, पण हा नोकरदार ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. फ्लॅटच्या भाड्यावर तर काहीच कापले गेले नाही. सगळा टीडीएस वजा जाता ६० हजार रुपये कर उरला. ही रक्कम १० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर वर्ष चालू असतानाच ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. आपल्या नोकरदाराने १० डिसेंबर २०२४ रोजी १५ हजार भरले आणि उरलेले ४५ हजार थेट २० ऑक्टोबर २०२५ रोजी, रिटर्न भरताना.

पहिले व्याज : हप्ते चुकल्याचे (कलम २३४सी)

१५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के कर भरला गेला पाहिजे. जेवढी रक्कम कमी पडली, तिच्यावर महिना १ टक्का व्याज लागते. पहिल्या तीन हप्त्यांसाठी ते तीन महिन्यांचे असते, शेवटच्यासाठी एकाच महिन्याचे.

- जून : ९,००० कमी, व्याज २७० रुपये
- सप्टेंबर : २७,००० कमी, व्याज ८१० रुपये
- डिसेंबर : ३०,००० कमी, व्याज ९०० रुपये
- मार्च : ४५,००० कमी, व्याज ४५० रुपये

एकूण २,४३० रुपये. जूनमध्ये किमान १२ आणि सप्टेंबरमध्ये किमान ३६ टक्के भरले असते, तर त्या हप्त्यांचे व्याज लागले नसते.

दुसरे व्याज : वर्ष संपले तरी कर बाकी (कलम २३४बी)

३१ मार्चपर्यंत ९० टक्के, म्हणजे इथे ५४ हजार भरलेले नसतील, तर १ एप्रिलपासून हे व्याज सुरू होते. ते ९० टक्क्यांपर्यंतच्या तुटीवर नव्हे, तर संपूर्ण थकबाकीवर लागते. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने, ४५ हजारांवर ७ टक्के, म्हणजे ३,१५० रुपये.

इथेच अनेकांची चूक होते. रिटर्नची मुदत जुलैवरून सप्टेंबरवर गेली, तरी हे व्याज थांबले नव्हते.

तिसरे व्याज : रिटर्न उशिरा (कलम २३४ए)

हे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रिटर्न भरेपर्यंत लागते. १७ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर म्हणजे एक महिना आणि चार दिवस, म्हणून दोन महिने. ४५ हजारांवर २ टक्के, म्हणजे ९०० रुपये. त्या काळात २३४बीचे व्याजही चालूच असते, त्यामुळे एकाच रकमेवर दोन्ही व्याजे लागतात.

तिन्ही मिळून व्याज ६,४८० रुपये. त्यात कलम २३४एफचे ५,००० रुपये विलंब शुल्क (एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००). म्हणजे ४५ हजारांऐवजी भरायचे ५६,४८० रुपये.

कुठे वाचले असते?

हेच ४५ हजार २५ मार्चला भरले असते, तरी ३१ मार्चपर्यंतचा भरणा ॲडव्हान्स टॅक्सच मानला जातो. हप्त्यांचे २,४३० रुपये द्यावेच लागले असते, पण २३४बी आणि २३४ए दोन्ही शून्य. जुलैमध्ये व्याजासह कर भरून रिटर्न मात्र ऑक्टोबरमध्येच दिले असते, तर २३४बीचे चारच महिने, म्हणजे १,८०० रुपये लागले असते आणि २३४एचे काहीच नाही. शुल्क मात्र टळले नसते. म्हणजेच कागदपत्रे अपुरी असतील, तर रिटर्न थांबले तरी कर थांबवू नये.

आता भरताना काय पाहावे?

सेल्फ असेसमेंट टॅक्सच्या चलनात फक्त ४५ हजार भरू नयेत. भरलेली रक्कम आधी शुल्क आणि व्याजात वळती होते आणि कराचा तेवढाच भाग पुन्हा बाकी राहतो. शिवाय महिना बदलला की व्याज वाढते. त्यामुळे चलन भरण्याच्या दिवशीचा आकडा पाहूनच रक्कम टाकावी.

पुढच्या वर्षासाठी नोकरदारांना आणखी एक मार्ग आहे. भाडे आणि ठेवींच्या व्याजाची माहिती कंपनीला आधीच दिली, तर तो कर पगारातूनच कापला जातो आणि हप्त्यांच्या तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.