वाचलेला वेळ कोणाचा? पीस रेट, रोज आणि प्रीमियम बोनसचा खरा हिशेब

"जास्त काम करा, जास्त कमवा." सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मॅनेजमेंट नवी इन्सेंटिव्ह स्कीम आणते तेव्हा हेच वाक्य ऐकवले जाते. आपल्या वस्तीतली पोरे हिशेब न मागता सही करतात, कारण पगाराचे गणित म्हणजे आपले काम नाही असे आपल्याला शिकवले गेले आहे. आमचे म्हणणे उलट आहे. हे गणित ज्याला येत नाही, त्याचा घाम कोणाच्या खात्यात जमा होतो हे त्याला कधीच कळणार नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण रीत खरी आहे. लेथवर एक पार्ट बनवायला १२ मिनिटे 'प्रमाणित वेळ' ठरवली आहे. म्हणजे ८ तासांत ४० नग. रोज ६०० रुपये, म्हणजे तासाला ७५. एका नगाला मजुरी पडते १५ रुपये. आता हाच कामगार हात बसल्यावर दिवसाला ६० नग काढू लागला. त्याला किती मिळायला हवे?

तो रोजावर असेल तर ६०० च मिळतील. मालकाला नगामागे मजुरी १५ वरून १० रुपयांवर आली. २० नग जास्त निघाले, त्याचा एक पैसाही कामगाराला नाही. तो पीस रेटवर असेल, नगाला १५ रुपये, तर ९०० मिळतील आणि नगामागची मजुरी १५ च राहील.

प्रीमियम बोनस या दोन्हींच्या मधला. ६० नगांची प्रमाणित वेळ होते १२ तास. काम झाले ८ तासांत, वाचले ४ तास. १८९१ मध्ये अमेरिकेत हॅल्से यांनी मांडलेल्या पद्धतीत वाचलेल्या वेळेचा साधारण अर्धा मोबदला कामगाराला देतात. म्हणजे २ तासांचे १५० रुपये. एकूण ७५०, नगामागे मजुरी साडेबारा रुपये. ग्लासगोच्या रोवन यांच्या पद्धतीत प्रमाणित वेळेचा जितका हिस्सा वाचला, तितका हिस्सा रोजात वाढवतात. इथे १२ पैकी ४ तास, म्हणजे एक तृतीयांश. बोनस २००, एकूण ८००, नगामागे १३ रुपये ३३ पैसे. थोडा वेळ वाचला तर रोवन बरी वाटते. पण अर्धी वेळ वाचली की दोन्ही सारख्या होतात, आणि त्यापुढे रोवनमध्ये वाढ मंदावते. कितीही राबलात तरी रोजाच्या दुप्पट कधीच मिळत नाही.

इथे मॅनेजमेंटचा वकील म्हणेल, मशीन मालकाचे, वीज मालकाची, मग वाचलेल्या वेळेत त्याचा वाटा नको का? वाटा त्याला आधीच मिळालेला असतो. समजा मशीन, शेड, वीज आणि सुपरवायझर यांचा रोजचा बांधील खर्च १२०० रुपये आहे. ४० नगांवर तो नगामागे ३० पडतो, ६० नगांवर २०. कामगाराला पूर्ण पीस रेट दिला तरी मजुरी धरून एक नग ४५ ऐवजी ३५ रुपयांत पडतो. दहा रुपये मालकाने घरबसल्या वाचवले. हॅल्से लावली की तो वर आणखी अडीच रुपये कापतो आणि त्यालाच 'बोनस' म्हणतो.

मग पीस रेट सर्वांत चांगला का? सिन्नरच्या बिडी कामगार बायकांकडे पाहा. बिडीची मजुरी हजारी दराने. समजा दर असा बांधला की ८ तासांत हजार बिड्या वळल्या तर दिवसाची किमान मजुरी पडेल. पण पाने भिजवणे, कातरणे, यात दोन तास जातात. कारखान्यात माल जमा करून नवी पाने-तंबाखू आणायला आणखी एक तास. बाई ११ तास राबते, मजुरी ८ तासांची. म्हणजे तासामागे सव्वा टक्का नव्हे, पाव हिश्शाहून जास्त मजुरी गेली. वर 'छाट' म्हणून बिड्या बाजूला काढल्या की त्याही गेल्या. शेजारी बसून पाने कातरणारी मुलगी तर कोणत्याच रजिस्टरवर नाही. पीस रेट वेळ मोजत नाही, म्हणून वेळेची चोरी त्यात दिसत नाही.

कारखान्यातल्या पीस रेटचा दुसरा रोग म्हणजे दर कापणे. पोराने महिनाभर ६० नग काढून दाखवले की शेठ म्हणतो, "काम सोपं आहे, आजपासून दर दहा रुपये." आता ६० नगांचे ६०० च. काम दीडपट, पगार जुनाच. बोनस स्कीममध्ये हेच काम स्टॉपवॉच करते. १२ मिनिटांची प्रमाणित वेळ १० केली की ६० नगांना वाचलेली वेळ ४ तासांवरून २ तासांवर येते आणि हॅल्सेचा बोनस १५० वरून ७५ होतो. टक्का बदलला नाही, सूत्र बदलले नाही, पगार मात्र अर्ध्या बोनसने घटला. म्हणून ५० टक्के की ६० टक्के यावर भांडू नका. प्रमाणित वेळ कोणी मोजली, कोणत्या कामगारावर मोजली, टूल बदलणे, माल येईपर्यंत थांबणे, थकवा यांची सूट धरली का, हे आधी विचारा.

आणि यात जात कुठे आहे? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते पीस रेटचे आणि जास्त कमाईचे होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, या कारणाने अस्पृश्यांना तिथे घेत नसत. त्यांना कमी पगाराच्या खात्यांत ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आज विटाळाचे नाव कोणी घेत नाही. पण एकाच शेडमध्ये परमनंट कामगार करारानुसार इन्सेंटिव्ह घेतो आणि शेजारचा कंत्राटी फक्त रोज. त्याच ६० नगांवर मालकाला कंत्राटी कामगाराची मजुरी पडते १० रुपये. त्या कंत्राटी रांगेत आपली पोरे किती आणि परमनंट यादीत किती, हे ज्याने त्याने आपल्या कंपनीत मोजून पाहावे. युनियनच्या ज्या करारात हा प्रश्न नाही, तो करार आपला नाही.

आमची मागणी तीन गोष्टींची. पहिली, रोजाची हमी: नग कमी झाले तरी किमान वेतन मिळालेच पाहिजे. पीस रेटवरच्या कामगाराला, त्याच्या कामाचा किमान पीस रेट ठरलेला नसेल तर, वेळेनुसारच्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ मध्ये होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दुसरी, प्रमाणित नगांच्या वर जे निघेल त्याला पूर्ण दर, अर्धा नव्हे, आणि तो कंत्राटी कामगारालाही. तिसरी, प्रमाणित वेळ लेखी हवी. मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय ती बदलायची नाही. वेतनाच्या अटी बदलण्याआधी नोटीस द्यावी लागते, ती मागा.

तोवर प्रत्येकाने एक वही ठेवावी: आलो किती वाजता, थांबलो किती, नग किती, नाकारले किती, हातात आले किती. महिन्याच्या शेवटी मिळालेले पैसे सगळ्या तासांनी भागा. जो आकडा येईल तो घेऊन पुढच्या बैठकीला या.

जय भीम.