दहावीत ‘वाढीव गुण’ कुणाला मिळतात? कोणतं प्रमाणपत्र चालतं आणि कोणतं फक्त भिंतीवर लावायचं?

दिंडोशीत संध्याकाळी एखाद्या सोसायटीच्या आवारात डोकावलात तर कराटेचा क्लास सुरू असतो, शेजारच्या हॉलमध्ये भरतनाट्यम आणि वरच्या मजल्यावर चित्रकलेचा. फी भरताना पालक एक प्रश्न हमखास विचारतात, ‘याचे दहावीला मार्क मिळतात ना?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो, मिळतात’ असंच येतं.

हे उत्तर अर्धवट आहे. गुण मिळतात, पण ठरावीक प्रमाणपत्रांनाच. घरात मेडल्सचा ढीग असलेल्या मुलाला शून्य गुण मिळू शकतात, आणि एकच साधा कागद असलेल्या मुलीची टक्केवारी तीनने वाढू शकते. असं का होतं, ते समजून घेऊ.

गुण नेमके कशात मिळवले जातात?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत कला आणि क्रीडा या दोन्हींसाठी वाढीव गुण मिळतात. बारावीला मात्र फक्त खेळाचे मिळतात. शास्त्रीय नृत्य, गायन किंवा चित्रकलेच्या गुणांची योजना दहावीपुरतीच आहे.

हे गुण कोणत्याही एका विषयात टाकले जात नाहीत. गणितात ८१ असतील तर ते ८१च राहतात. वाढीव गुण एकूण बेरजेत मिळवले जातात. टक्केवारी ५०० पैकी काढली जात असल्यामुळे हिशेब सोपा आहे, ५ वाढीव गुण म्हणजे बरोबर १ टक्का. बेरीज ५०० च्या वर मात्र जात नाही. ४९२ गुण मिळवलेल्या मुलाला १५ वाढीव गुण मंजूर झाले तरी उपयोग ८ गुणांचाच होतो.

अकरावीची गुणवत्ता यादी याच टक्केवारीवर लागते, म्हणून या गुणांना एवढं महत्त्व आहे.

कलेसाठी किती गुण?

इथे थोडा इतिहास माहीत असायला हवा. ७ जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शास्त्रीय कला, चित्रकला आणि लोककलेसाठी दहावीला वाढीव गुण देण्याची पद्धत आली. तेव्हा शास्त्रीय कलेसाठी २५ पर्यंत, तर चित्रकलेसाठी १५ पर्यंत गुण होते. त्याच वर्षीच्या निकालात १९३ विद्यार्थ्यांना १०० टक्के मिळाले आणि सगळीकडे चर्चा सुरू झाली की शंभर टक्के मिळूच कसे शकतात? वाढीव गुणांवर टीका झाली आणि २४ नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयाने ते कमी करण्यात आले.

कमी केल्यानंतरचं चित्र असं आहे:

चित्रकला: इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘ए’ श्रेणीला ७, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३ गुण. ही परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. अनेकांचा गैरसमज असतो की एलिमेंटरीचेही गुण मिळतात. एलिमेंटरी ही पहिली पायरी आहे, गुण मात्र इंटरमिजिएटचेच.

शास्त्रीय गायन, वादन, नृत्य: मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १०, पाच उत्तीर्ण असतील तर १५ गुण. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं उदाहरण घेऊ. तिथला क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण असा आहे. म्हणजे प्रवेशिका पूर्ण झाली की तीन परीक्षा होतात, आणि मध्यमा पूर्ण झाली की पाच. या पायऱ्या चढायला काही वर्षं लागतात. नववीत क्लास लावून दहावीपर्यंत पाच परीक्षा होत नाहीत. दहावीत १५ गुण हवे असतील तर सुरुवात प्राथमिक शाळेत किंवा फार तर पाचवी-सहावीत झालेली असावी लागते.

लोककला: मान्यताप्राप्त पथकाबरोबर २५ प्रयोग केले असतील तर ५ आणि ५० प्रयोगांना १० गुण. शाळेच्या गॅदरिंगमध्ये केलेली लावणी किंवा कोळीनृत्य यात बसत नाही.

खेळात कोणता स्तर चालतो?

खेळाच्या गुणांचे नियम २० डिसेंबर २०१८ च्या शासन निर्णयात आहेत. तत्त्व असं की जितका वरचा स्तर, तितके जास्त गुण. जिल्हास्तरावर पहिल्या तिघांत आल्यास ५, विभागस्तरावर १०, राज्यस्तरावर १५, राष्ट्रीय स्तरावर २० आणि आंतरराष्ट्रीय स्तरावर २५ गुण. वरच्या स्तरांवर नुसत्या सहभागालाही गुण आहेत, पण क्रमांक मिळवणाऱ्यापेक्षा कमी. जिल्ह्यात नुसतं खेळून आल्याला काही मिळत नाही.

दिंडोशीतल्या मुलासाठी ‘जिल्हा’ म्हणजे मुंबई उपनगर. क्रीडा विभाग मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे मानतो. उपनगरातून जिंकलेला खेळाडू पुढे मुंबई विभागात जातो, तिथे त्याची गाठ ठाणे, पालघर, रायगडच्या खेळाडूंशी पडते, आणि मग राज्यस्तर. दहावीची मुलं सहसा १७ वर्षांखालील गटात खेळतात.

आता कळीचा मुद्दा. स्तर कोणता, हे प्रमाणपत्रावर छापलेल्या शब्दावरून ठरत नाही. स्पर्धा कुणी घेतली, यावरून ठरतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, भारतीय शालेय खेळ महासंघाच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धा आणि मान्यताप्राप्त खेळ संघटनांच्या अधिकृत स्पर्धा धरल्या जातात. खेळही शासनाच्या यादीतला असावा लागतो.

म्हणूनच ‘ओपन नॅशनल चॅम्पियनशिप’ असं नाव देऊन एखाद्या खासगी अकादमीने हॉलमध्ये घेतलेल्या स्पर्धेचं सुवर्णपदक इथे चालत नाही. कराटेचा ब्लॅक बेल्टही चालत नाही, कारण ती स्पर्धा नसून क्लासची परीक्षा आहे. दुसरीकडे, उपनगर जिल्ह्याच्या शालेय खो-खो स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या संघातल्या मुलीचा साधा कागद ५ गुण मिळवून देतो.

एक हिशेब करून पाहू

समजा, दिंडोशीतल्या एका मुलीला दहावीत ५०० पैकी ४५१ गुण मिळाले, म्हणजे ९०.२ टक्के. तिला मालाड किंवा पार्ल्याच्या अशा कॉलेजात कॉमर्सला जायचं आहे, ज्याची यादी ९१.४ वर बंद झाली.

तिच्याकडे जिल्हास्तर तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र असेल तर ४५६ गुण होतील, म्हणजे ९१.२ टक्के. थोडक्यात हुकलं. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी असेल तर ४५८, म्हणजे ९१.६. प्रवेश मिळाला. भरतनाट्यमच्या पाच परीक्षा असतील तर ४६६, म्हणजे ९३.२. ती यादीत बरीच वर गेली.

मुलगी तीच, पेपरही तेच. उपनगरातल्या शेकडो खेळाडूंना मागे टाकून मिळवलेल्या तिसऱ्या क्रमांकाला ५ आणि चित्रकलेच्या एका परीक्षेला ७ गुण, हे बरोबर आहे का, यावर वाद घालता येईल. पण नियम सध्या असा आहे.

सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांचं काय?

हे वाढीव गुण राज्य मंडळ देतं. त्यामुळे ते राज्य मंडळाच्याच विद्यार्थ्यांना मिळतात. अकरावीच्या प्रवेशासाठी मात्र सगळ्या बोर्डांची मुलं एकाच यादीत असतात. गोरेगाव-मालाडमध्ये एकाच इमारतीतल्या दोन मुली एकाच गुरूंकडे नृत्य शिकतात, दोघी मध्यमा पूर्ण होतात. एकीला ३ टक्के जास्त मिळतात, दुसरीला काहीच नाही, कारण तिची शाळा सीबीएसईची आहे. दुसऱ्या बोर्डांचे पालक या योजनेवर नाराज असतात, ते यामुळेच.

उलट बाजूने युक्तिवाद असाही होतो की प्रत्येक बोर्डाची गुण देण्याची पद्धत आधीच वेगळी आहे, आणि राज्य मंडळाच्या मुलांना मिळणारा हा थोडाफार आधार आहे.

गुण हुकतात कुठे?

पात्र असूनही गुण न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा कागदपत्रांत असतं. हे गुण आपोआप मिळत नाहीत. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. कलेचा प्रस्ताव शाळा विभागीय मंडळाकडे पाठवते. मुंबई विभागाचं मंडळ वाशीला आहे. खेळाचं प्रमाणपत्र आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे तपासणीला जातं, आणि त्यांच्या शिफारशीनंतर मंडळाकडे. मुदतीची तारीख मंडळ परिपत्रकाने शाळांना कळवतं, ती निकालाच्या बरीच आधी असते. निकाल लागल्यावर प्रमाणपत्र घेऊन शाळेत गेलात तर उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण नावाची. प्रमाणपत्रावर ‘रिया’ आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘रीया’, किंवा वडिलांचं नाव गायब, अशा चुका तपासणीत अडकतात. प्रमाणपत्र हातात पडल्या दिवशीच स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासा, दुरुस्ती तेव्हाच सोपी असते.

तिसरी गोष्ट खेळाडूंसाठी. आधीच्या इयत्तेतलं यश धरलं जातं, पण दहावीच्या वर्षात खेळ पूर्ण सोडून चालत नाही. त्या वर्षीही स्पर्धेत उतरलेलं असावं लागतं. ‘दहावी आहे, यंदा खेळ बंद’ असं घरात ठरतं आणि आठवीत कमावलेलं पदक तिथेच वाया जातं. कोरोनाकाळात स्पर्धाच झाल्या नाहीत, तेव्हा शासनाला या अटीत सूट द्यावी लागली होती.

बारावीनंतर हे गुण कुठे चालतात?

इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल यांची गुणवत्ता यादी सीईटी, जेईई किंवा नीटच्या गुणांवर लागते. तिथे बारावीत मिळालेले खेळाचे गुण यादीत वर नेत नाहीत. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी आली आहे. त्यामुळे बारावीच्या वाढीव गुणांचा खरा उपयोग उरतो तो बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या, बारावीच्या टक्क्यांवर भरणाऱ्या जागांसाठी.

राष्ट्रीय स्तरावर खेळलेल्यांसाठी वेगळे दरवाजे आहेत. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कला-संस्कृतीसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक मुलींसाठी. पण तिथेही जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावंच लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी क्लासची फी भरताना ‘मार्क मिळतात ना?’ एवढंच विचारू नका. ‘परीक्षा किंवा स्पर्धा कुणाची, ती संस्था शासनाच्या यादीत आहे का, आणि दहावीपर्यंत कितव्या पायरीवर पोहोचता येईल?’ हे तीन प्रश्न विचारा. क्लासवाल्यांनी ‘हो’ म्हटलं तरी शाळेच्या कार्यालयात किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे एकदा खात्री करून घ्या.