मानेच्या वर की खाली?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा, त्यामुळे मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणार, आधीच माफ करा. पण विषय आपल्या हॉस्टेलचा आहे. सर्दी झाली की ग्राउंडवर जायचं का नाही?

आपल्याकडे दोन पार्ट्या आहेत. एक घरच्यांची. फोनवर शिंक ऐकू आली की आई म्हणते, "पांघरूण घेऊन झोप, अंघोळसुद्धा करू नकोस." दुसरी जिमवाल्यांची. "घाम काढ, सर्दी पळून जाईल." मला दोन्ही पटत नाहीत.

जिमखान्यात तिसरं उत्तर चालतं, ते म्हणजे 'नेक चेक'. अमेरिकेतले डॉक्टर रँडी आयक्नर यांनी १९९० च्या दशकात हा नियम मांडला. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहणं, शिंका, घसा थोडा खवखवणं, तर हलका व्यायाम चालेल. मानेच्या खाली असतील, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, पोट बिघडणं, तर बंद. आणि ताप असेल तर लक्षणं कुठेही असोत, बंदच.

नियमाला आधारही आहे. १९९८ साली अमेरिकेत वाइडनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्याच वयाच्या ५० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला. त्यातल्या ३४ जणांनी दहा दिवस एक दिवसाआड ४० मिनिटं मध्यम व्यायाम केला, १६ जणांनी नाही केला. सर्दी दोन्हीकडे सारखीच राहिली, तेवढीच जोरात आणि तेवढेच दिवस. म्हणजे आईची भीती जरा जास्तच, पण जिमवाल्यांचं 'घाम काढ'सुद्धा खोटं! व्यायामाने सर्दी वाढली नाही, तशी पळालीही नाही. मात्र हे सगळं एका सौम्य विषाणूबद्दल आणि बेताच्या व्यायामाबद्दल आहे. तापात शंभर किलोचं स्क्वॉट मारण्याबद्दल नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? आपण हा नियम अर्धाच वापरतो.

माझ्या रूम पार्टनरचंच बघा. गॅदरिंगच्या आधी कबड्डीचं सिलेक्शन होतं. सोमवारी त्याचं नाक वाहत होतं. तो तीन राउंड हळू पळाला, काही झालं नाही. बुधवारी सकाळी अंग मोडून आलं. त्याने पॅरासिटामोलची गोळी घेतली, तासाभरात बरं वाटलं, आणि साहेब म्हणाले, "आता फक्त नाकच आहे, मानेच्या वर!" संध्याकाळी चौथ्या रेडला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो लाइनवरच बसला. सरांनी रेक्टरांच्या ऑफिसमधला थर्मामीटर आणून लावला तर १०१. सिलेक्शन गेलंच, वर आठवडाभर खाटेवर.

चूक नियमाची नव्हती. गोळीने ताप आणि अंगदुखी झाकली, आजार तिथेच होता. म्हणून माझं म्हणणं असं की चेक गोळीच्या आधी करायचा. गोळी घेतली असेल तर त्या दिवशी चेक झालाच नाही असं समजायचं. आणखी एक सोपी खूण म्हणजे नाडी. बरे असताना दोन-चार दिवस सकाळी अंथरुणातच मिनिटभर मोजून वहीत लिहून ठेवा. आजारात ती नेहमीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी जास्त आली, तर नाक काहीही सांगो, आज सुट्टी.

पास झालात तरी पहिली दहा मिनिटं नेहमीच्या निम्म्या जोराने करा. बोलता बोलता पळता आलं तर पुढे जा. डोकं ठणकायला लागलं, पाय जड झाले तर परत फिरा. तापात हट्ट करण्याचा खरा धोका म्हणजे काही विषाणूंनी हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. हे क्वचित होतं, पण तेव्हा जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर मित्राचा सल्ला नको, सरळ डॉक्टर.

शेवटचा मुद्दा जिमवाल्यांना आवडणार नाही. नेक चेक फक्त तुमच्या शरीराबद्दल बोलतो, शेजाऱ्याच्या नाही. नाक वाहत असताना तुम्हाला व्यायाम चालेल, पण तुमच्या हातून डंबेलवर गेलेली सर्दी पुढच्या मुलाला चालेल का? त्याची उद्या व्हायवा असेल! म्हणून पहिले दोन-तीन दिवस बंद जिम नको, कबड्डी तर नकोच. मोकळ्या ग्राउंडवर एकट्याने चाला, हळू पळा.

रूम पार्टनरने हा लेख वाचला. म्हणाला, "सिलेक्शनच्या आधी का नाही लिहिलास?"