हजेरीच्या टक्केवारीत फक्त शून्य आणि एक? मुलांना शंभरने गुणायला सांगू नका

सातवीतल्या एका मुलीने वर्गाच्या हजेरीचा तक्ता एक्सेलमध्ये केला. B कॉलममध्ये उपस्थितीचे दिवस, C मध्ये कामाचे दिवस आणि D मध्ये टक्केवारी. सूत्रही बरोबर लिहिलं:

```
=B2/C2
```

पण सगळा D कॉलम शून्य नाहीतर एक! तिचा प्रश्न होता, "सर, माझा भागाकार चुकला का?"

अशा वेळी आपण पटकन सांगतो, "अगं, पुढं गुणिले १०० कर." माझं म्हणणं आहे की हे उत्तर देऊ नये. त्यानं आकडा दिसतो खरा, पण मुलीला वाटतं की आपला भागाकारच चुकला होता. तो तर अगदी बरोबर होता. मी तिला जे सांगितलं ते इथं देतो. पालकांनाही घरी मुलांना सांगता येईल.

महिन्यात कामाचे दिवस २२ होते. १९ दिवस आलेल्या मुलाचं उत्तर ०.८६३६३६ येतं. एवढी लांबलचक संख्या बघून मुलं Decrease Decimal बटण दाबत जातात. शेवटी दशांश स्थळं संपतात आणि जवळची पूर्ण संख्या, म्हणजे १, दिसते. निम्मे किंवा त्याहून जास्त दिवस आलेला प्रत्येक जण १ होतो, निम्म्यापेक्षा कमी आलेला ०. सेलच्या पोटात मात्र ०.८६३६३६ तसंच असतं. बदललं ते फक्त दिसणं.

हे खरंच तसं आहे का, ते तिला स्वतःला तपासू द्या. शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये लिहायला सांगा:

```
=D2*100
```

८६ च्या आसपास आकडा आला तर आतली संख्या शाबूत आहे. १०० आला तर सूत्रात कुठंतरी ROUND आणि ० आला तर INT घातलेलं असणार, म्हणजे संख्या खरोखरच कापली गेली. तेव्हा सूत्रच दुरुस्त करावं लागेल. गुणाकार इथं फक्त तपासणीसाठी आहे; नंतर तो सेल पुसून टाका.

आता दुरुस्ती. D कॉलम निवडा आणि Home मधल्या Number गटातलं % बटण दाबा. ८६% दिसेल. हे बटण संख्या शंभर पटीने दाखवतं आणि पुढं चिन्ह लावतं, आतली संख्या बदलत नाही. म्हणूनच ज्यांनी आधीच सूत्रात १०० ने गुणलं, त्यांनी नंतर % दाबलं की ८६३६% दिसतं, आणि मूल आणखी गोंधळतं.

यात एवढं काय, असं वाटेल. आपल्या जिल्ह्यात भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांचं एखादं लेकरू महिन्यात १० दिवस शाळेत आलं आणि मग आई-वडिलांबरोबर गेलं, तर त्याची हजेरी ४५% आहे. तक्त्यात मात्र त्याच्या नावापुढं ०, आणि एकही दिवस न आलेल्यापुढंही ०. तिकडं ११ दिवस आलेला आणि २२ दिवस आलेला, दोघंही १. कुणाच्या घरी जाऊन बोलायला हवं हे ज्या कॉलमवरून कळायचं, तोच कॉलम मुका झाला.

एक बारीक गोष्ट % लावल्यावरही राहते. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस ठरवलेत. समजा त्यातले एक मूल १६४ दिवस आलं. पडद्यावर ७५% दिसेल, पण खरी संख्या ७४.५४ आहे. कुठं ७५ टक्क्यांची अट असेल आणि आपण असं सूत्र लावलं,

```
=IF(D2>=0.75,"हो","नाही")
```

तर उत्तर "नाही" येईल. शेजारी ७५% आणि पुढं "नाही" बघून पालक विचारणारच. सूत्र आतली संख्या बघतं, आपण बाहेरची. Increase Decimal एकदा दाबलं की ७४.५% दिसतं आणि वाद मिटतो. ह्याच सूत्रात, D मध्ये आधी १०० ने गुणलेलं असेल, तर ७४ काय आणि ५ काय, सगळेच ०.७५ पेक्षा मोठे ठरतात आणि सगळ्यांना "हो" मिळतं. शंभरने गुणायला सांगू नका म्हणतो ते यासाठी.

दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारी आपण फळ्यावर वेगवेगळ्या पाठात शिकवतो. ०.८६ आणि ८६% ही एकाच संख्येची दोन रूपं आहेत, हे या एका कॉलममध्ये मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं. म्हणून बटण आपण दाबून देऊ नका. आधी विचारा, "२२ पैकी १९ म्हणजे एकापेक्षा कमी की जास्त?" पुढचं तेच लेकरू सांगेल.